काकाजी, तोटी गळून राह्यली जी

आज आपण बोलणार आहोत गळक्या नळाबद्दल, पण नळापेक्षा जास्त त्या नळासाठी घरमालकाला पाठवायच्या निरोपाबद्दल. आपल्या भातकुलीत आता भाड्याने राहणारी माणसं बरीच आहेत. कोणी बँकेत आहे, कोणी शाळेत, कोणी दवाखान्यात. काही जणी मेळघाटातून येतात, काही मध्य प्रदेशातून. त्यांना हिंदी येते, मराठी समजते, पण बोलताना अडखळतात. घरमालक मात्र आपले वऱ्हाडी. वय झालेलं, दिवसभर वावरात, मोबाइलवर लिहिलेलं वाचायचा कंटाळा, पण बोललेलं मात्र कान देऊन ऐकतात. म्हणून निरोप बोलूनच पाठवावा लागतो आणि तो मराठीत करून द्यायला शेजारपाजारच्या बायांनाच सांगितलं जातं. आमच्या गटातल्या बायांकडे हे काम बऱ्याचदा येतं. ते कसं करायचं, हे आज एका निरोपावरून पाहू.

धारणीकडची एक मुलगी इथे नोकरीला आली. घरी कोरकू बोलणारी, बाहेर हिंदी. मालकाच्या घरामागच्या खोलीत ती भाड्याने राहते. मालक राहतात दुसऱ्या गल्लीत. तिच्या स्वयंपाकाच्या ओट्यावरचा नळ गळू लागला. तिने हिंदीत निरोप तयार केला तो असा:

"अंकल जी, नमस्ते। किचन का नल तीन दिन से लीक हो रहा है। बंद करने पर भी पानी टपकता रहता है। आप प्लीज़ जल्दी से जल्दी ठीक करवा दीजिए। हमको बहुत परेशानी हो रही है।"

हिंदीत हा निरोप सभ्य आहे, त्यात खटकण्यासारखं काही नाही. शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने तिला त्याचं शब्दाला शब्द मराठी करून दिलं:

"काका, नमस्ते. किचनचा नळ तीन दिवसांपासून लीक होत आहे. बंद केल्यावरही पाणी टपकत राहते. आपण कृपया लवकरात लवकर दुरुस्त करून द्या. आम्हाला खूप त्रास होत आहे."

शब्द सगळे बरोबर आहेत, पण आपल्या गावातल्या सत्तरीच्या माणसाने हे ऐकलं तर त्याला काय वाटेल? नगरपंचायतीची नोटीस आली असं वाटेल. एक एक शब्द घेऊन बघू या, म्हणजे कुठे बिघडलं ते कळेल.

पहिला शब्द 'आपण'. हिंदीत 'आप' म्हणजे समोरचा माणूस. मराठीत 'आपण' मान देण्यासाठी वापरतात खरं, पण तो भाषणातला नाहीतर सरकारी पत्रातला मान. बोलण्यात 'आपण' म्हणजे तुम्ही आणि मी मिळून. 'आपण जेवू' म्हणजे दोघंही जेवू. आता हीच मुलगी पुढे सहज म्हणाली की 'आपण नळ दुरुस्त करून घेऊ', तर मालक काय समजेल? पोरगी अर्धा खर्च द्यायला तयार आहे. इथे एका शब्दापायी पैशाची भानगड होते. म्हणून मोठ्या माणसाला 'तुम्ही' म्हणायचं. वऱ्हाडीत 'तुमी'. 'तुमी' म्हटल्याने मान कमी होत नाही. तसंच 'हमको'चं. हिंदी बोलणारी पुष्कळ माणसं स्वतः एकट्याला 'हम' म्हणतात. त्याचं 'आम्हाला' केलं की मालकाला शंका येते, ही तर एकटी राहते म्हणाली होती, मग खोलीत आणखी कोण राहायला आलं? तिथे 'मला' किंवा 'मले' पाहिजे.

दुसरा शब्द 'कृपया'. हा शब्द आपल्याला दिसतो एसटीत, दवाखान्याच्या भिंतीवर, अर्जाच्या शेवटी. घरात आपण कधी म्हणतो का, कृपया मीठ द्या? नाही म्हणत. 'जरा मीठ द्या ना' म्हणतो. बोलण्यातली अदब त्या 'जरा'त आणि 'ना'त असते. बोललेल्या निरोपात 'कृपया' घातलं की आवाज एकदम परका होतो.

तिसरी गोष्ट थोडी बारीक आहे, म्हणून सावकाश पाहू. हिंदीत मान क्रियापदातच बसवलेला असतो. कर, करो, कीजिए, कीजिएगा अशा पायऱ्या आहेत. 'दीजिए' म्हटलं की ते आपोआप नरम होतं. प्रमाण मराठीत मात्र 'दे' आणि 'द्या' या दोनच पायऱ्या. 'द्या' हा मानही आहे आणि हुकूमही आहे. साहेब शिपायाला सांगतो, 'फाइल आणून द्या'. म्हणून 'दीजिए'चं 'द्या' केलं की हिंदीतला नरमपणा वाटेत सांडतो. तो परत भरायचा तर दुसरीकडून भरावा लागतो. एक तर प्रश्न करायचा, 'पाठवाल का?' किंवा 'जरा' आणि 'ना' घालायचे, 'जरा पाठवा ना'.

आपल्या वऱ्हाडीत मात्र तिसरी पायरी आहे. 'करा' म्हणजे आत्ता करा. 'करजा' म्हणजे तुमच्या सवडीने, पण आठवणीने करा. लहानाला 'करजो', मोठ्याला 'करजा'. येजा, सांगजा, पाठवजा. सून सासऱ्याला म्हणते, 'येतानी साखर आणजा'. त्यात हुकूम नाही आणि काम सांगायचं राहूनही गेलं नाही. हिंदीतल्या 'कीजिएगा'च्या अगदी जवळचं हे रूप आहे. 'ठीक करवा दीजिए'ला आपल्याकडे खरा जोड 'दुरुस्त करून द्या' हा नाही. तो आहे 'पाठवजा'.

'पाठवजा' का म्हटलं तेही सांगतो. हिंदीत 'ठीक करना' आणि 'ठीक करवाना' वेगळं. करवाना म्हणजे दुसऱ्याकडून करून घेणं. 'दुरुस्त करून द्या' म्हटलं की काकाजींनी स्वतः पाना घेऊन यावं असा अर्थ निघतो. वयस्कर माणसाला ते लागतं. मराठीत 'करवून द्या' आहे, पण ते पुस्तकी वाटतं. आपण बोलताना सरळ माणसाचंच नाव घेतो. नळवाल्याला पाठवा, गवंड्याला सांगा. म्हणून 'नळवाल्याले पाठवजा'.

आता 'परेशानी' आणि 'जल्दी से जल्दी'. 'मला खूप त्रास होत आहे' या वाक्यात नळाचं नावही नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, त्रास माझ्यामुळे होतो असं ही म्हणते. 'लवकरात लवकर' म्हणजे नेमकं कधी, हेही कोणालाच कळत नाही. हे दोन्ही शब्द काढून टाकायचे आणि त्यांच्या जागी माहिती घालायची. किती पाणी जातं, कुठून जातं, नळवाला कधी आला तर तुम्ही घरी असाल. या माहितीनेच घाई कळते, वेगळं 'घाई करा' म्हणावं लागत नाही.

ती माहिती काढायची कशी? त्यासाठी नळाकडे पाच मिनिटं पाहावं लागतं. 'लीक'चं मराठी 'गळणे', पण 'गळणे' म्हटलं की एवढंच कळतं की पाणी जातं. छप्पर गळतं, माठ गळतो, नळही गळतो. नळ मात्र तीन जागांनी गळतो आणि तिन्हींचा इलाज वेगळा.

तोटीची चावी घट्ट बंद केली तरी तोंडातून थेंब पडत असतील, तर आतलं वायसर झिजलेलं असतं. फिरवायच्या तोटीत चावीच्या खाली एक रबराची चकती असते. चावी फिरवली की ती खालच्या बसणीवर दाबली जाते आणि पाणी अडतं. रबर झिजलं की फट राहते. वायसर ही अगदी किरकोळ किमतीची वस्तू आहे. नळ चालू केल्यावर चावीच्या दांड्याजवळून पाणी येत असेल, पण बंद केल्यावर थांबत असेल, तर दांड्याभोवतीचं पॅकिंग ढिलं झालेलं असतं. आणि तोटी जिथे भिंतीतल्या पाइपात बसवली आहे तिथून ओल येत असेल, तर तिथली टेप किंवा सूत गेलेलं असतं. त्यात तोटी काढून पुन्हा बसवावी लागते. ही जागा ओळखायला एक सोपी रीत आहे. फडक्याने नळ पूर्ण कोरडा पुसायचा, कोरडं बोट तीन जागी ठेवायचं, पहिल्यांदा कुठे ओलं लागतं ते पाहायचं.

ही जागा निरोपात सांगितली की नळवाला एकाच फेरीत सामान घेऊन येतो. नुसतं 'नळ खराब आहे' सांगितलं की तो एकदा पाहायला येतो, एकदा करायला येतो आणि दोन्ही फेऱ्यांचे पैसे मालकाला पडतात.

मग पाणी मोजायचं. त्या मुलीने एक लिटरचं माप नळाखाली ठेवलं आणि घड्याळ पाहिलं. चाळीस मिनिटांत माप भरलं. दिवसाची मिनिटं होतात 1440. चाळीसने भागले की 36. म्हणजे दिवसाला 36 लिटर. आपली मोठी बादली 15 लिटरची धरली तर जवळजवळ अडीच बादल्या. निरोपात 36 लिटर म्हणायचं नाही, अडीच बादल्या म्हणायचं. भातकुलीच्या माणसाला गोड्या पाण्याची एक बादली म्हणजे काय, ते समजावून सांगावं लागत नाही. आपला तालुका पूर्णेच्या खोऱ्यातला, खारपाणपट्ट्यातला. विहिरीचं, बोअरचं पाणी खारं. शिवाय त्या घरात छतावरची टाकी सगळ्या खोल्यांना एकच आहे. टाकी लवकर रिकामी झाली की मोटर जास्त चालते आणि तिचं बिल मालकाच्या मीटरवर येतं. अडीच बादल्या म्हटलं की हे सगळं त्यांना आपोआप दिसतं.

आता निरोप बांधू. सुरुवातीला राम राम आणि लगेच आपली ओळख, कारण नंबर त्यांच्या फोनमध्ये नावाने साठवलेला असेलच असं नाही. 'अंकल जी'चं 'काकाजी'. हिंदीत 'जी' नावाला चिकटतो. वऱ्हाडीत तो वाक्याच्या शेवटीही येतो, हो जी, सांगा जी, आणि सगळ्या वाक्याला अदब देतो. पण आपण मैत्रिणीला म्हणतो तो 'वं' आणि पोरं एकमेकांना म्हणतात तो 'बे' इथे चालत नाही. मग काय झालं, कुठे, कधीपासून, किती. मग आपण काय केलं. मग एकच मागणी. शेवटी आपली घरी असण्याची वेळ. आपल्यापैकी एखादीने स्वतःच्या मालकाला असा निरोप पाठवला तर तो असा होईल:

"राम राम काकाजी. मी मांगच्या खोलीतून बोलून राह्यली. एक सांगाचं होतं जी. सयपाकाच्या वट्यावरची तोटी सोमवारपासून गळून राह्यली. चावी पक्की बंद केली तरी तोंडातून पाणी येते. म्या माप लावून पाह्यलं, दिवसाले अडीच बकेटा पाणी जाते. आता खाली बकेट ठेवली हाये, ते पाणी भांड्याले वापरते. वायसर गेलं असन असं वाटते. नळवाल्याले एकडाव पाठवजा ना जी. मी सकाळी नवाच्या आत अन् सांजीले पाचानंतर घरीच राह्यते. कोन्या दिवशी येईन तेवढं सांगजा, म्हणजे मी थांबीन. ठेवते जी."

'गळून राह्यली', 'बोलून राह्यली' ही ठेवण हिंदीतल्या 'बोल रही हूँ'सारखीच आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेल. हिंदी मुलखाला लागून असलेला हा भाग, त्यात वऱ्हाड 1956 पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता. तिथे हिंदी आणि मराठी दोन्ही चालत. म्हणून हिंदी बोलणारीला पुण्याच्या 'गळतो आहे'पेक्षा आपलं 'गळून राह्यला' लवकर जमतं.

तरीपण धारणीच्या मुलीला हा निरोप जसाच्या तसा पाठ करायला द्यावा का? आम्ही नाही देत. बाहेरून आलेली मुलगी एकदम ठसक्यात वऱ्हाडी बोलली की ऐकणाऱ्याला वाटतं, ही आपली नक्कल करते. पुन्हा काकाजींनी तशाच वऱ्हाडीत झरझर उत्तर दिलं तर तिला कळायचं नाही. तिला साधी मराठी द्यावी आणि त्यात वऱ्हाडीचे दोन-तीनच दाणे. काकाजी, वाक्याच्या शेवटचा जी आणि पाठवजा. तिने शेवटी बोलून पाठवला तो निरोप हा:

"राम राम काकाजी. मी तुमच्या मागच्या खोलीतली, धारणीची मुलगी बोलते. ओट्यावरचा नळ सोमवारपासून गळतो. चावी बंद केली तरी तोंडातून पाणी येतं. माप लावून पाहिलं, दिवसाला अडीच बादल्या पाणी जातं. मी खाली बादली ठेवली आहे. वायसर खराब झालं असेल. नळवाल्याला पाठवजा ना जी. मी सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर घरी असते. कोणत्या दिवशी येईल ते सांगजा. माझी मराठी कच्ची आहे, चुकलं तर सांगा जी."

शेवटचं वाक्य तिचं स्वतःचं आहे. ते आम्ही तसंच राहू दिलं. मराठी कच्ची आहे हे कळलं की समोरचा माणूस हळू बोलतो.

बोलायच्या आधी एक पाहायचं. 'ना जी' आणि 'जरा' एकेकदाच यावेत. काही जणी नरम बोलायचं म्हणून इतकी साखर घालतात की मागणीच विरघळून जाते. 'तुम्हाला त्रास देते, माफ करा, तुम्ही बिझी असाल, सवड मिळाली तर, नाही मिळाली तरी चालेल.' मग मालक म्हणतो, चालेल म्हणाली ना, मग पाहू दिवाळीनंतर. निरोप दुसऱ्या बाईला ऐकवा आणि तिला विचारा, मी काय मागितलं? तिला एका वाक्यात सांगता आलं नाही तर निरोप पुन्हा बोला.

फोनवरची रीत बहुतेकींना माहीत आहे. व्हॉट्सॲपमध्ये माइकचं चिन्ह दाबून धरायचं, बोलायचं, सोडलं की निरोप जातो. चुकलं तर बोट डावीकडे सरकवलं की तो रद्द होतो. बोट वर सरकवलं की कुलूप लागतं, मग हात मोकळा राहतो आणि पाठवण्याआधी ऐकूनही पाहता येतं. गळत्या नळाजवळ उभं राहून बोलू नका, पाण्याच्या आवाजात शब्द बुडतात. नळाचा फोटो मात्र सोबत पाठवा. निरोप मिनिटाच्या आत संपवा. आणि शेतकरी माणसाला तो सकाळी वावरात जायच्या घाईत पाठवू नका, सांजेला जेवणाच्या आधी पाठवा. समोरच्याने ऐकला की निरोपाजवळचं माइकचं चिन्ह निळं होतं. ते निळं व्हायच्या आत 'उत्तर का देत नाही' म्हणून फोन करू नये.

आता उत्तराकडे येऊ, कारण निरोप मराठीत करून देणं हे अर्धंच काम आहे. काकाजींचं उत्तर आलं, "हाव, पाह्यतो ना. नाहीतर तूच करून घे, पाहून घेऊ." ही मुलगी घाबरली. हिंदीत 'देख लेंगे' रागाने म्हटलं तर ती धमकी असते. आपल्याकडेही भांडणात 'पाहून घेईन' म्हणतातच. पण इथे आवाज शांत आहे आणि विषय खर्चाचा आहे. म्हणून याचं हिंदी 'देख लेंगे' असं करायचं नाही, 'हिसाब बाद में कर लेंगे' असं करायचं. आवाज ऐकल्याशिवाय हे ठरवता येत नाही. म्हणून उत्तर दुसऱ्याने सांगितलेलं घेऊ नका, मूळ निरोप स्वतः ऐका.

'हाव' म्हणजे हो. नुसतं 'बरं' म्हणजे ऐकलं, एवढंच. 'पाह्यतो' म्हणजे हो नाही आणि नाहीही नाही, दिवस ठरलेला नाही. त्यावर पुढचा प्रश्न दिवसाचाच करायचा, "शुक्रवारी चालते काय जी?" आणि 'तूच करून घे'वर काम सुरू करायच्या आधी पैशाचं बोलून घ्यायचं. ते विचारायला लाज वाटते, म्हणून वाक्य देऊन ठेवतो: "मी करून घेते काकाजी. चिठ्ठी ठेवते, अन् तेवढे पैसे या महिन्याच्या भाड्यातून वजा करू काय जी?" यावर 'हाव' आलं की ते उत्तर पुसायचं नाही, फोनमध्ये ठेवायचं.

काकाजींनी शेवटी शुक्रवारी नळवाला पाठवला. वायसर बदललं, दोन दिवस नळ कोरडा राहिला आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा थेंब सुरू झाले. हे आपल्या भागात बऱ्याचदा होतं. खाऱ्या, जड पाण्याचा पांढरा थर तोटीच्या आतल्या बसणीवर जमतो. बसणी खडबडीत झाली की नवं रबरही तिच्यावर नीट बसत नाही आणि लवकर कापलं जातं. वरून ओळखायचं तर तोटीच्या तोंडाला आणि चावीच्या मुळाशी पांढरा खर दिसतो. अशा वेळी चावी जोर लावून आवळली तर रबर आणखी कापतं. बसणी घासून साफ होत असेल तर करावी, नाहीतर तोटीच बदलावी लागते.

आता दुसरा निरोप पाठवायचा. तो अवघड, कारण मालकाने एकदा काम करून दिलेलं आहे. सुरुवात त्या कामाच्या आठवणीने करायची, नळवाल्याला नावं ठेवायची नाहीत आणि नवीन काय दिसलं ते सांगायचं:

"राम राम काकाजी. तुम्ही शुक्रवारी नळवाला पाठवला, दोन दिवस नळ चांगला राहिला जी. कालपासून परत गळतो. आता तोंडाला पांढरा खर दिसतो, फोटो पाठवते. नुसत्या वायसराने थांबत नाही असं वाटतं. नळवाल्याला येताना नवी तोटीही आणायला सांगजा, म्हणजे एकाच फेरीत होईल."

'परत खराब झाला' आणि 'परत गळतो' यात फरक आहे. पहिल्यात काम वाईट केलं असा सूर आहे, दुसऱ्यात फक्त काय झालं ते आहे. नवी तोटी बसली आणि गळणं थांबलं. खर्च काकाजींनीच दिला.

एवढं करूनही एखादा मालक ऐकून न ऐकल्यासारखं करतो. तेव्हा तिसऱ्या निरोपात 'जरा' आणि 'ना' काढून टाकायचे. 'काकाजी' आणि 'जी' मात्र ठेवायचे. "काकाजी, मी दोनदा सांगितलं जी. रविवारपर्यंत नळवाला पाठवा. नाही जमलं तर मी करून घेईन आणि चिठ्ठी तुम्हाला देईन." इथे 'पाठवजा' नाही, 'पाठवा' आहे. सवड दिली होती, ती संपली, हे त्या एका रूपावरूनच वऱ्हाडी माणसाला कळतं.

कायद्याचंही थोडं माहीत असावं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 याच्या कलम 14 प्रमाणे, वेगळा करार नसेल तर घर राहण्याजोगं दुरुस्त ठेवणं मालकाचं काम आहे. त्याने दुर्लक्ष केलं तर भाडेकरू निदान पंधरा दिवसांची नोटीस देऊन स्वतः दुरुस्ती करून घेऊ शकतो आणि खर्च भाड्यातून कापू शकतो. पण एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त कापता येत नाही. हा कायदा त्याच्या परिशिष्टात दिलेल्या शहरा-गावांनाच लागू आहे. तुमचं गाव त्यात येतं का, ते आणि करारात दुरुस्ती कोणाकडे लिहिली आहे ते, आधी वकिलाला किंवा तालुका विधी सेवा समितीत विचारून घ्या. नोटीस द्यायची वेळ आलीच तर ती बोललेल्या निरोपावर सोडू नका. तारीख घालून कागदावर लिहा आणि पोस्टाने पाठवा, पोचपावती जपून ठेवा. त्या कागदावर मात्र 'आपण' आणि 'कृपया' खुशाल लिहा. ते शब्द कागदावरच शोभतात.

तुमच्या शेजारी असं कोणी भाड्याने राहत असेल आणि निरोप मराठीत करून मागायला आलं, तर आधी तिच्यासोबत जाऊन नळ कोरडा पुसून पाहा, माप लावा आणि मग बोलायला बसा. पुढच्या वेळी भाड्याच्या खोलीच्या वीजमीटरवर बोलू. नमस्कार तायांनो.